शब्दचर्चा : 'टॉलरन्स'ला सूट म्हणायचं का? आणि 'बरोबर मोजणी' म्हणजे नेमकं काय बरोबर?

नवी पाटी
गोदामात काम करणाऱ्यांसाठी चार पानांचं मराठी पत्रक लिहिते आहे. विषय फिरत्या मोजणीचा. रोज थोड्या वस्तू मोजायच्या, संगणकातल्या नोंदीशी ताडून पाहायच्या आणि महिनाअखेरीला 'नोंदींची अचूकता इतके टक्के' असा आकडा फळ्यावर लिहायचा. दोन ठिकाणी अडले आहे. मूळ मजकुरातल्या 'करेक्ट काउंट'चं मी 'बरोबर मोजणी' केलं आणि 'टॉलरन्स'साठी 'सूट' लिहिलं. कच्चा मजकूर वाचून एकाने लगेच विचारलं, "म्हणजे शंभरात पाच नग कमी पडले तरी चालतंय ना?" मला असं अजिबात म्हणायचं नव्हतं. दुसरा शब्द सुचवाल का?

शब्दशोधक
'सूट' नकोच. करात सूट, वयात सूट, फीमध्ये सूट, सगळीकडे घेणाऱ्याचा फायदा असतो. तुमच्या वाचकाने तोच अर्थ घेतला, त्याची काही चूक नाही. 'सहिष्णुता' हा माणसाच्या वृत्तीचा शब्द, तोही इथे बसत नाही. मी 'क्षम्य तफावत' म्हणेन. तफावत आहे हे त्यात कबूल केलेलं आहे आणि ती किती चालेल हेही ओघाने आलं.

मायक्रोमीटर
एवढं कशाला शोधायचं? आमच्याकडे ड्रॉइंगवर मापापुढे ±०.०२ लिहिलेलं असतं. त्याला साहेबापासून हेल्परपर्यंत सगळे टॉलरन्सच म्हणतात. त्या हद्दीत बसला तो भाग पास, नाही बसला तो नापास. तुमच्या नगांनाही तेच लावा.

कोठीकर
मायक्रोमीटर, तुमची हद्द वस्तूला आहे. भाग खरोखरच थोडा जाड किंवा बारीक असतो आणि तरी जोडणीत बसतो. नगांचं तसं नाही. कप्प्यात १००० वायसर आहेत किंवा ९९७ आहेत, दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. इथली मर्यादा वस्तूला नसते, आपल्या मोजण्याच्या कुवतीला असते. म्हणून शब्दशोधकांच्या 'क्षम्य'लाही माझी हरकत आहे. क्षमा करायला आधी कोणाचा तरी गुन्हा हवा. मर्यादेतला फरक बहुतेक वेळा मोजण्याच्या रीतीतूनच आलेला असतो.

पण ताई, 'सूट'पेक्षा जास्त घोटाळा तुमच्या 'बरोबर मोजणी'त आहे. त्या टक्केवारीत परीक्षा मोजणीची नसतेच, नोंदीची असते. मोजणी ही फूटपट्टी. 'बरोबर मोजणी' वाचलं की मोजणाऱ्याला वाटतं, आपला आकडा संगणकाशी जुळला तर आपण पास. मी एके ठिकाणी होतो तिथे मोजणीच्या तक्त्यावर नोंदीतला आकडा आधीच छापलेला असायचा. माणसं तो आकडा येईपर्यंत मोजायची, आणि तो आला की थांबायची. आम्ही तो रकाना काढून टाकला. पुढच्याच महिन्यात टक्केवारी घसरली. गोदाम बिघडलं नव्हतं, आधीचा आकडाच खोटा होता. तेव्हा 'बरोबर ठरलेली नोंद' असं लिहा.

नवी पाटी
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. 'बरोबर ठरलेली नोंद' घेते. 'ठरलेली' मुळे कोणीतरी निकष लावला आहे हेही कळतं. पण तो निकष किती ठेवायचा? मूळ मजकुरात सरसकट ±५ टक्के आहे.

कोठीकर
सरसकट ठेवलं की काय होतं ते आकड्यांतच बघा. समजा ४० नोंदी तपासल्या. त्यातल्या ३१ तंतोतंत जुळल्या. मर्यादा शून्य ठेवली तर अचूकता ३१ भागिले ४०, म्हणजे ७७.५ टक्के. आता वस्तूंचे गट करून महागड्यांना कडक आणि स्वस्तांना सैल मर्यादा लावली. प्रशिक्षणात नेहमी सांगतात ते आकडे म्हणजे अ गटाला ±०.२, ब गटाला ±१ आणि क गटाला ±५ टक्के. त्यात आणखी ६ नोंदी बसल्या, झाले ३७, म्हणजे ९२.५ टक्के. उरलेल्या तिघांतल्या दोन अ गटातल्या होत्या आणि त्यांचा फरक ३ टक्के होता. सरसकट ±५ लावलं की त्याही आत येतात आणि ३९ नोंदींचे ९७.५ टक्के होतात. गोदाम तेच, माल तोच, मोजणीही तीच. म्हणून मर्यादा शेजारी लिहिलेली नसेल तर फळ्यावरचा टक्का वाचूच नये असं माझं मत आहे.

ठिपका
मी हिशेब विभागातला. आम्ही नोंदीतल्या मालाची एकूण किंमत आणि सापडलेल्या मालाची एकूण किंमत ताडून पाहतो. दोन्हीत क्वचितच फरक निघतो, ९९.९ टक्के जुळतं. तुमच्या या नोंद-नोंद हिशेबात गोदाम उगाच बदनाम होतं. आणि 'टॉलरन्स'ला मराठी शब्द 'दुर्लक्ष मर्यादा' ठेवा. तेवढ्या फरकाकडे लक्ष द्यायचं नाही, नोंदीला हात लावायचा नाही.

कोठीकर
ताळेबंदापुरतं तुमचं बरोबर आहे. तिथे एकूण किंमतच लागते. पण माल देणाऱ्याला एकूण किंमत काढून देता येत नाही, त्याला ठरावीक वस्तूच द्यावी लागते. नेहमीचा प्रकार सांगतो. ३० मिमी आणि ३५ मिमी लांबीचे बोल्ट शेजारशेजारच्या कप्प्यांत, दिसायला सारखे. मोजणीच्या दिवशी दोन्हींची नोंद १०००-१०००. त्याआधी कधीतरी घाईत कोणीतरी ३० ऐवजी ३५ चे ६० बोल्ट उचलून दिले होते आणि नोंद ३० वर टाकली होती. मोजणी झाली तेव्हा ३० मिमीचे ६० जास्त निघाले, ३५ मिमीचे ६० कमी. नोंदीतली बेरीज २०००, सापडलेलीही २०००. किंमतही जवळपास तीच. तुमच्या हिशेबात सगळं जुळलं, पण दोन्ही नोंदी ६ टक्क्यांनी चुकलेल्या आहेत आणि ±५ लावूनही नापास आहेत. जास्त आणि कमी एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून फरक मिळवताना अधिक-उणे चिन्ह सोडून द्यावं लागतं.

मायक्रोमीटर
मोजण्याच्या कुवतीचं म्हणालात ते जरा फोड करून सांगा. आमच्या मापात ते गेज बघून कळतं. तुमच्या वायसरांचं कसं कळणार?

कोठीकर
चांगलं विचारलंत, सगळं त्यावरच अवलंबून आहे. दहा हजार वायसर कोणी हाताने मोजत नाही, काट्यावर मोजतात. थोडे नग मोजून घ्यायचे, त्यांचं वजन करून एका नगाचं वजन काढायचं आणि रिकाम्या डब्याचं वजन वजा करून एकूण वजनाला त्याने भागायचं. समजा काटा १ ग्रॅमपर्यंतच दाखवतो आणि १०० वायसरांचं वजन २१५ ग्रॅम आलं. खरं वजन २१४.५ ते २१५.५ मध्ये कुठेही असू शकतं. ही अर्ध्या ग्रॅमची शंका म्हणजे साधारण ०.२३ टक्के, दहा हजार नगांत २३ वायसर इकडे-तिकडे. आता नमुन्याला १०० ऐवजी फक्त १० वायसर घेतले तर वजन २१ किंवा २२ दिसणार. तीच अर्ध्या ग्रॅमची शंका आता २.३ टक्के झाली, म्हणजे २३० नग. अशा मोजणीवर ±१ टक्क्याची मर्यादा लावली तर चांगली नोंदही नापास होईल, आणि कोणीतरी ती 'दुरुस्त' करून बिघडवेल. आधी नमुना मोठा घ्या, मग मर्यादा आवळा.

उलट बाजूही आहे. बेअरिंग हातात धरून मोजता येतात. नोंद ८, सापडले ७. ±५ टक्के म्हणजे ०.४ नग. अर्धा नग नसतो म्हणून काही जण तो वर नेऊन १ धरतात आणि नोंद पास करतात. ते मुळीच करू नका, कारण ८ मधला १ म्हणजे १२.५ टक्के झाले. थोड्या नगांना टक्क्यातली मर्यादा शून्यच असते असं समजा.

औषधभांडार
मी रुग्णालयाच्या औषधभांडारात आहे. आमच्याकडे नियंत्रित औषधांना मर्यादा शून्य. एका अँप्यूलचा फरक आला तरी दिवसभराची पानं उलटावी लागतात. त्यामुळे मला 'क्षम्य' वाचून दचकायला झालं. आमच्या काही कप्प्यांत क्षम्य काही नसतं. पण माझा प्रश्न वेगळा आहे. नोंदीत ४० बाटल्या, कप्प्यात ४०. मात्र नोंदीत सगळ्या एकाच बॅचच्या आणि प्रत्यक्षात त्यातल्या १२ दुसऱ्या बॅचच्या, ज्यांची मुदत आधी संपते. ही नोंद बरोबर ठरवायची का? आमच्याकडे ती बरोबर धरली गेली आणि पुढे त्या बारांपैकी काही बाटल्या मुदत उलटल्यावर सापडल्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कोठीकर
माझ्या मते चूक. ज्या तपशिलावर माल उचलायचा निर्णय होतो, तो तपशील जुळला तरच नोंद बरोबर. तुमच्याकडे बॅच, माझ्याकडे कप्पा. माल गोदामात आहे पण नोंदीतल्या कप्प्यात नाही, तर माल घ्यायला गेलेल्याला तो मिळत नाही, म्हणजे त्याच्या लेखी तो नाहीच.

ठिपका
असं म्हटलं तर एकही नोंद बरोबर निघणार नाही. संख्या वेगळी मोजा, बॅच आणि जागा यांचा टक्का वेगळा काढा. एकाच आकड्यात सगळं कोंबलं की नक्की काय बिघडलंय तेच कळत नाही. बोल्टांचं मला पटलं, ते मी विभागात मांडणार आहे. पण हे नाही पटलं.

औषधभांडार
दोन वेगवेगळे टक्के फळ्यावर लावले तर वरची माणसं चांगलाच तेवढा बघतात, हा माझा अनुभव.

शब्दशोधक
'क्षम्य' मी मागे घेतो. 'दुर्लक्ष मर्यादा' मात्र नको, त्यात आळसाला परवानगी आहे. कोठीकरांच्या म्हणण्यातूनच शब्द निघतो, 'मान्य फरक'. मर्यादेसाठी 'फरकाची मर्यादा'. मायक्रोमीटर यांचंही खरं आहे. बोलताना माणसं टॉलरन्सच म्हणणार, तेव्हा पत्रकात एकदा दोन्ही शेजारी येऊ द्या.

नवी पाटी
'फरकाची मर्यादा' माझ्या वाचकांना चालेल असं वाटतं. आता वाक्य असं केलं आहे: "मोजलेली संख्या आणि नोंदीतली संख्या यांतला फरक त्या वस्तूच्या फरकाच्या मर्यादेत (टॉलरन्समध्ये) असेल तर नोंद बरोबर ठरेल. फरक नोंदीतल्या संख्येच्या टक्क्यांत काढावा." शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. नोंद १०० आणि सापडले ९५, तर नोंदीच्या मानाने फरक बरोबर ५ टक्के, पण सापडलेल्यांच्या मानाने ५.२६. एकीकडे पास, दुसरीकडे नापास.

राहता राहिलं ठिपकांचं 'नोंदीला हात लावायचा नाही'. ते लिहू का? मर्यादेतली नोंद बदलायची की तशीच ठेवायची?

कोठीकर
यावर माझंच मत पक्कं नाही. हाताने मोजलेली असेल तर मी बदलतो, कारण मोजणी नोंदीपेक्षा खात्रीची असते. काट्यावर मोजलेली असेल तर ठेवतो, नाहीतर दर मोजणीला आकडा उगाच वर-खाली होत राहतो. पण फरक प्रत्येक वेळी उणाच येत असेल तर तो काट्याचा नाही. तेव्हा मर्यादेत असला तरी शोधायचा. म्हणून फरक चिन्हासकट लिहून ठेवायला सांगा, बदला किंवा नका बदलू.

औषधभांडार
आणि नोंद शून्य असताना कप्प्यात ३ बाटल्या निघाल्या तर? शून्याचे टक्के काढता येत नाहीत.

नवी पाटी
अरे हो. माझ्या वाक्यात ते कुठेच बसत नाही. वेगळी ओळ घालते: "नोंद शून्य असताना माल सापडल्यास नोंद चूक धरावी." यावर कोणाची हरकत असेल तर उद्या सकाळपर्यंत सांगा, दुपारी पत्रक छापायला जातंय.