मदत हवी आहे: उसाचं पाचट न पेटवता खोडवा ठेवायचाय, पण गेल्या वर्षी पिवळा पडला

वाळव्याचा_शेतकरी:
नमस्कार मंडळी. दोन एकर ८६०३२ जातीचा ऊस चार दिवसांपूर्वी तुटून गेला. सरी साडेचार फुटी, पाणी पाटाचं. पाचट गुडघाभर पडलंय.
गेल्या वर्षी पहिल्यांदाच न पेटवता तसंच ठेवलं. महिन्याभरात खोडवा पिवळाधमक पडला, आणि सरीत पाचट तुंबून पाणी शेवटपर्यंत पोचेना. वडील म्हणतात, "पेटवलेल्या रानात फुटवा एकसारखा येतो, यंदा काडी लाव." शेजारची तीन रानं पेटवून झाली. मला पेटवायचं नाही, पण पुन्हा तसंच झालं तर वडिलांना काय सांगू?

भंडारा_धानवाला:
भाऊ, पाचट गोळा करून गुरांना घाला की. आम्ही धानाची तणस ढीग लावून ठेवतो, वर्षभर पुरते.

वाळव्याचा_शेतकरी:
दादा, उसाचं हिरवं वाढं गुरं खातात, ते तोडवाले घेऊन गेले. वाळलेल्या पाचटाला जनावर तोंड लावत नाही.

सेंद्रिय_माती:
सोपं आहे. २०० लिटर पाण्यात दोन किलो गूळ आणि वेस्ट डीकंपोजरची बाटली टाका, आठवडाभर ढवळा आणि पाचटावर मारा. युरियाची गरजच नाही.

खोडवा_अठरा_वर्षं:
सेंद्रियदादा, जिवाणू हवेतच, पण नुसत्या जिवाणूंनीच पिवळेपणा वाढेल. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र जेमतेम अर्धा टक्का. कुजवणारे जिवाणू आपली नत्राची भूक जमिनीतून भागवतात आणि कोवळा फुटवा उपाशी राहतो. वाळवेकर, तुमचं गेल्या वर्षी हेच झालं असणार.
राहुरी विद्यापीठाची शिफारस एक टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू खत अशी आहे. दोन एकरांत सात टन पाचट धरा. म्हणजे युरिया ५६ किलो, सव्वा पोतं. सुपर ७० किलो आणि जिवाणू सात किलो. जिवाणू शेणकाल्यातून वेगळे टाका, युरियात मिसळू नका. आणि युरिया कोरड्या पाचटावर फेकून चार दिवस बसू नका, तो हवेत उडून जातो. पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवशी टाका.
आता वडिलांचं. फुटवा एकसारखा येतो तो बुडखे जमिनीलगत छाटल्यावर. तोडवाले दोन-तीन इंच बुडखा ठेवतात, त्याच्या वरच्या डोळ्यांतून लेचापेचा कोंब येतो. आधी बुडख्यावरचं पाचट सरीत ओढा, मग धारदार कोयत्याने बुडखा मातीबरोबर छाटा, आणि छाटलेल्या जागेवर लिटरला एक ग्रॅम कार्बेन्डाझिम मारा. फक्त बुडख्यावर हं, पाचटावर नको.

वाळव्याचा_शेतकरी:
काका, बुडखे छाटलेच नव्हते! आणि पाण्याचं काय करू?

खोडवा_अठरा_वर्षं:
एकाआड एक सरी. एका सरीत दोन्हीकडचं पाचट दाबून भरा, दुसरी मोकळी ठेवून तिच्यातून पाणी सोडा. ओल बाजूला जाते. पहिल्या दोन पाळ्यांना मात्र पाचटाच्या सरीतही थोडं पाणी जाऊ द्या, नाहीतर कुजायला सुरुवातच होत नाही. महिन्याने हात घालून बघा. खालचा थर काळा, ओलसर, पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी विणलेला आणि चिमटीत तुटणारा असेल तर काम चालू आहे. सोनेरी आणि कडक असेल तर ओल कमी पडली.
वरखत पहारीने द्या, पाचटावर फेकू नका. बुडख्यापासून चार-सहा इंचांवर, वीतभर खोल भोक. पहिला हप्ता पंधरा दिवसांच्या आत, दुसरा साधारण १३५ दिवसांनी विरुद्ध बाजूला.

शिरोळची_वहिनी:
आमचं रान नदीकाठचं, चिबड. पाचट ठेवलं तर पावसाळ्यात पाणी साचून खालच्या कोपऱ्यातली बेटं कुजली. वरच्या निम्म्या रानात मात्र उन्हाळ्यात दोन पाळ्या वाचल्या आणि तणही नव्हतं.

खोडवा_अठरा_वर्षं:
वहिनी, चिबड कोपऱ्यात मीही ठेवत नाही. तिथलं ओढून वरच्या सरीत घालतो. आधी चर काढून पाणी बाहेर काढल्यावर तिथे जमेल का, ते मी करून पाहिलेलं नाही.

तीन_फुटी_सरी:
माझी सरी तीन फुटी आहे. पाचट भरलं की पाय ठेवायला जागा उरत नाही. कुट्टी मशीनही आत शिरत नाही. मी काय करू?

सेंद्रिय_माती:
युरियाचं पटलं काका. तेवढा नत्र शेणस्लरीतून दिला तर चालेल का?

वाळव्याचा_शेतकरी:
वडिलांना धागा वाचून दाखवला. बुडख्यांचं ऐकून ते स्वतः रानात जाऊन बघून आले, तीन इंचाचे आहेत म्हणाले. उद्या छाटणीला चौघी सांगितल्यात. पाळी शुक्रवारी आहे, युरिया गुरुवारी. शेजाऱ्याच्या बांधाकडच्या दोन सऱ्यांमधलं पाचट मात्र आजच ओढून आत घेतलं. त्यांचं चौथं रान अजून पेटवायचं राहिलंय.