जर्मनीत भारतीय लायसन्स बदलायचंय: थिअरी परीक्षेबद्दल सल्ला हवा

कोथरूडकर: स्टुटगार्टला येऊन चार महिने झाले. पुण्याचं कारचं लायसन्स आहे, अजून बरीच मुदत शिल्लक आहे. नुसतं बदलून मिळतं की परीक्षा द्यावी लागते?

रानवारा: आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, काढलाय ना? मग वर्षभर बिनधास्त चालवा.

गिअरबॉक्स: रानवारा, ते वर्ष त्या कागदाचं. आयडीपी म्हणजे लायसन्सचं भाषांतर, एवढंच. जर्मनीत राहायला आल्यापासून भारतीय लायसन्स 6 महिनेच चालतं. त्यानंतर गाडी चालवली तर विनापरवाना चालवल्याचा गुन्हा लागतो, नुसता दंड भरून सुटत नाही.

कोथरूडकर, भारत सवलतीच्या यादीत नाही, त्यामुळे थिअरी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मात्र नवशिक्यांना सक्तीचे असलेले तास तुम्हाला लागू नाहीत. तरी फारश्युलमध्ये, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, नाव घालावंच लागतं, कारण परीक्षा त्यांच्याच गाडीत होते. अर्ज आताच करा. दृष्टीची तपासणी, 9 तासिकांचा प्रथमोपचार कोर्स, फोटो, लायसन्स आणि त्याचं भाषांतर लागेल. लायसन्सच्या कार्यालयाकडून परीक्षेची परवानगी आल्याशिवाय थिअरीची तारीखच मिळत नाही, आणि तिथेच आठवडे जातात.

डचभाऊ: एवढा खटाटोप? नेदरलँड्समध्ये 30 टक्के करसवलत असली की परीक्षेविना बदलून मिळतं.

गिअरबॉक्स: खरं आहे, पण कोथरूडकर स्टुटगार्टला आहेत हो.

कोथरूडकर: थिअरी इंग्रजीत देता येते का? आणि अवघड असते का?

गिअरबॉक्स: इंग्रजीत देता येते, हिंदी-मराठीत नाही. प्रत्यक्ष परीक्षा मात्र जर्मनमध्येच, तेव्हा वळण्याच्या आणि थांबण्याच्या सूचना आधीच कानांच्या सवयीच्या करून घ्या.

प्रश्न 30. प्रत्येक चूक 2 ते 5 गुणांची, आणि एकूण 10 पर्यंत चालतात. 4, 3 आणि 3 गुणांचे तीन प्रश्न चुकले तर 10 होतात, तरी पास. पण 5 गुणांचे दोन चुकले तर तेवढेच 10, आणि नापास! मग किमान दोन आठवडे थांबून पुन्हा.

एका प्रश्नाला दोन-तीन उत्तरं बरोबर असू शकतात. एक जरी राहिलं तरी अख्खा प्रश्न गेला. आपली माणसं इथेच अडकतात: पहिलं बरोबर दिसलं की पुढे.

सायलेन्सर: दुसरा सापळा म्हणजे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडची गाडी आधी, मग तुमचा रस्ता कितीही मोठा दिसो. आकड्यांचे प्रश्नही येतात. ताशी 50 किमीला आधी 10 ने भागा, 5 येतात. प्रतिक्रियेचं अंतर 5 गुणिले 3, म्हणजे 15 मीटर. ब्रेकचं 5 गुणिले 5, म्हणजे 25. थांबायला एकूण 40. उत्तर टाइप करायचं असतं, पर्याय नसतात, म्हणून सूत्र पाठच करा.

रानवारा: मग सुट्टीत पुण्याला जाऊन बायकोचं नवं लायसन्स काढून आणलं तर?

गिअरबॉक्स: वहिनी इथे राहत असतील तर नाही चालणार. मुक्काम भारतात असताना मिळालेलंच मानतात.

कोथरूडकर: नवं मिळताना भारतीय लायसन्स जमा करतात म्हणे. कायमचं परत गेलो तर ते परत मिळतं का? कुणी घेतलंय?