पाचवा महिना, अंड्याचं फक्त पांढरं खातेय. बरोबर की चूक?

जुळे_सोलापूरची_सून: मला पाचवा महिना चालू आहे. रोज सकाळी दोन उकडलेली अंडी खाते, पण पिवळं काढून टाकते. पिवळ्यात कोलेस्टेरॉल असतं आणि ते उष्ण पडतं, असं जाऊबाई म्हणतात. प्रोटीन तर पांढऱ्यातच असतं ना? मग बाळाला काही कमी पडतंय का?

शेंगाचटणी: जाऊबाईंचं बरोबर आहे की ओ. माझा भाऊ जिमला जातो, तो पण पिवळं टाकतो. प्रोटीन सगळं पांढऱ्यात.

आहारवाली_मावशी: भावाला पोट कमी करायचंय, हिला बाळ वाढवायचंय. आणि सगळं प्रोटीन पांढऱ्यात असतं हेही खरं नाही. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतं, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त पांढऱ्यात आणि उरलेलं पिवळ्यात. पण प्रोटीन डाळीतून, दुधातूनही भरून निघेल. खरा तोटा कोलीनचा आहे. बाळाच्या मेंदूच्या पेशींची आवरणं बनायला ते लागतं, आणि अंड्यातलं जवळजवळ सगळं कोलीन पिवळ्यात असतं. पांढऱ्यात नावालाही नाही. म्हणजे ताई, तुम्ही रोज दोन अंडी फोडता आणि ज्यासाठी अंडं खायचं तेच कचऱ्यात टाकता.

होटगी_रोड: माझ्या मुलाला नवव्या महिन्यात अंडं दिलं तर तोंडाभोवती लाल चट्टे उठले होते. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं. जरा जपून.

आहारवाली_मावशी: ते बाळाला भरवण्याबद्दल झालं, इथे आईच्या खाण्याचा प्रश्न आहे. आईला स्वतःला अंड्याची ॲलर्जी असेल तर मात्र खायचं नाही.

भाकरी_कडक: मावशी, हे कोलीन-बिलिन आत्ता ऐकतोय. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या अंडं आलं नाही. आम्ही लिंगायत. आजीला सात मुलं, सगळी हुशार. मग आमचे मेंदू कशाने बनले?

आहारवाली_मावशी: दादा, शरीर यकृतात थोडं कोलीन स्वतः तयार करतं आणि गरोदरपणात ते वाढतं, पण बहुतेकींना तेवढं पुरत नाही. गरोदर बाईला दिवसाला ४५० मिलिग्रॅम धरतात. एका अंड्यात साधारण १४० ते १५०, अंडं लहान असेल तर कमी. ताईंनी दोन्ही अंडी पूर्ण खाल्ली तर २८० ते ३०० पर्यंत जातात. वर दोन पेले दूध, म्हणजे अजून ऐंशीच्या आसपास. उरलेलं डाळ, शेंगदाणे, भाज्यांतून थोडं थोडं येतं. अंड्याशिवाय तिथवर जायला भाजलेलं सोयाबीन, राजमा, दूध असं रोज नेमाने खावं लागतं. जमतं, पण कष्ट आहेत. शेंगाचटणीवर विसंबू नका, मूठभर शेंगदाण्यांत वीस-पंचवीसच मिळतं.

भाकरी_कडक: आणि ते ४५० कुठून आलं?

आहारवाली_मावशी: चांगला प्रश्न. तो पक्का मोजलेला आकडा नाही, पुरेसं ठरेल असा अंदाज आहे. मूळ प्रयोगात तर पुरुषांचं यकृत बिघडू नये म्हणून किती लागतं ते पाहिलं होतं. अमेरिकेतल्या एका प्रयोगात शेवटच्या तिमाहीत जास्त कोलीन दिलेल्या आयांची बाळं थोडी लवकर प्रतिसाद देत होती, पण त्यात बायका मोजक्याच होत्या. म्हणून अंडं खाल्लं की पोरगं कलेक्टर होईल, असं मी म्हणणार नाही.

शेंगाचटणी: आणि उष्ण पडतं त्याचं काय? माझ्या वहिनीला अंडं खाल्लं की छातीत जळजळायचं.

आहारवाली_मावशी: पोट वाढलं की तेलकट खाल्ल्यावर जळजळतंच. वहिनी भुर्जी खात होत्या का उकडलेलं? आधी तेल कमी करून पाहा. आणि गाडीवरचं हाफफ्राय नको. पिवळं वाहत असेल तर साल्मोनेला जंतूंची भीती असते. उकळत्या पाण्यात दहा-बारा मिनिटं ठेवा, पिवळं घट्ट झालं पाहिजे. भोवती हिरवट कडा आली तर घाबरू नका, जास्त उकडल्याने येते.

गावरान_प्रेमी: खायचं तर गावरानच. बॉयलरच्या अंड्यात काय दम नाही. रंग बघा पिवळ्याचा!

आहारवाली_मावशी: रंग कोंबडीच्या खाण्यावर ठरतो. गावरान अंडं बहुधा लहान असतं, म्हणजे एका अंड्यातून कोलीनही कमी. चवीसाठी खा, दुप्पट पैसे द्यायची गरज नाही.

जुळे_सोलापूरची_सून: मला कोलेस्टेरॉलचा कधी त्रास नाही, शुगरही नॉर्मल. रक्ताची गोळी मात्र अंड्याबरोबरच घेते.

आहारवाली_मावशी: मग दोन पूर्ण अंड्यांनी काही बिघडणार नाही. गोळी वेगळी करा, अंड्याने आणि चहाने लोह नीट शोषलं जात नाही. दुपारी लिंबूपाण्याबरोबर घ्या. फॉलिक ॲसिडही बंद करू नका. त्याची जागा अंडं घेत नाही.

जुळे_सोलापूरची_सून: उद्यापासून पिवळंही खाते. पण श्रावण आला की सासूबाई महिनाभर अंडं घरात येऊ देत नाहीत, आणि माझं माहेर बार्शीला.

भाकरी_कडक: मग महिनाभर आमच्यासारखं खा. सोयाबीन भाजून देतो, या घरी.

शेंगाचटणी: एका महिन्याने काय होतंय? आमच्या आईने तर पूर्ण चातुर्मास पाळला होता.

आहारवाली_मावशी: एका महिन्याने बाळाचं काही बिघडेल असं नाही. पण सासूबाईंना विचारून तरी बघा, पोटुशीला सूट देणाऱ्या सासवाही असतात.