लॉबीचा कंदील: यंदा पीओपीला नाही, स्लॅबला (सोसायटी ग्रुप, घोडबंदर रोड)

सेक्रेटरी काका: मंडळी, कंदील आलाय, साधारण ४ किलो भरतोय. शनिवारी संध्याकाळी लावू. कोण येतंय?

बी-६०४: काका मी येतो, पण मागच्या वर्षीसारखा पीओपीच्या छतात स्क्रू मारून नको. रात्रीत स्क्रू उपटून कंदील खाली आला, खाली कोणी नव्हतं म्हणून वाचलो. पीओपी आतून पोकळ आणि ठिसूळ असतं, वजन हळूहळू भोक मोठं करत जातं आणि वरून काही कळत नाही

ए-२०२: मग कुठे लावणार दादा?

बी-६०४: मधल्या उघड्या स्लॅबला. ताई, तिथे १४ फूट उंची आहे. जांभळी नाक्यावरून हुकवाला अँकर फास्टनर आणलाय, पाकिटावर लिहिलंय त्याच मापाचा ड्रिल बिट लावायचा आणि प्लास्टर ओलांडून काँक्रीटमध्ये जायचं. घट्ट करताना फास्टनर नुसता फिरत राहिला तर समजायचं पकड आली नाही, तिथे लावायचं नाही, थोडं बाजूला दुसरं भोक. मग खाली सगळ्यांना बाजूला करून दोरीने १० लिटर पाण्याची भरलेली बादली तासभर लटकवू, म्हणजे कंदिलाच्या दुपटीहून जास्त वजन झालं

सेक्रेटरी काका: सोसायटीची शिडी ६ फुटी आहे, वर स्टूल ठेवू का?

बी-६०४: नाही काका, अजिबात नाही 🙏 १० फुटी घोडा-शिडी भाड्याने आणू. वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही म्हणजे पाय ८ फुटांवर येतात, तिथून हात आरामात पोचतो. घोडा पूर्ण उघडून मधली पट्टी लॉक, चारही पाय कोरड्या फरशीवर, खाली चटई पेपर काही नको. आणि पोट शिडीच्या दोन्ही दांड्यांच्या मध्येच हवं, बाजूला वाकावंसं वाटलं की उतरून घोडा सरकवायचा, खूप कंटाळा येतो पण पडणं त्यातच होतं

बी-३०१: मी खाली धरतो. पण धरणाऱ्याने फोन बघायचा नाही हे मी स्वतःसाठी पण लिहितोय

बी-६०४: बरोबर, आणि ड्रिल दोरीने वर द्या, मला चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. लॉबीच्या लाईटचा एमसीबी बंद ठेवायचा, ड्रिलसाठी वॉचमनच्या केबिनमधून एक्स्टेंशन घेऊ. स्लॅबमध्ये वायरचा पाईप कुठून गेलाय ते इलेक्ट्रिशियनला आधी विचारतो

ए-२०२: जिन्यातल्या उंच काचेला माळ लावायची होती मला, तिथे घोडा नेता येईल का?

बी-६०४: ताई पायऱ्यांवर घोडा नको, चार पाय एका पातळीत येत नाहीत. काचेला टेकून पण नको. वरच्या लँडिंगवरून रेलिंगच्या आतूनच हात पोचेल तिथे हुक लावून माळ खाली सोडू

सेक्रेटरी काका: आणि कंदील उतरवायला परत घोडा?

बी-६०४: नाही काका, हुकात छोटी कप्पी अडकवणार, नायलॉनची दोरी भिंतीपर्यंत आणून ५ फुटांवर खुंटीला बांधायची. बल्ब गेला तरी दोरी सोडून कंदील खाली. पुढच्या वर्षी दोरी आणि गाठ तपासून मगच वर चढवायचा

बी-३०१: घोड्याचं भाडं विचारून सांगतो, शनिवारी ४ ला लॉबीत