अनुभव धागा: नवरा-बायकोतल्या बारक्या हाका

धागाकर्ती: ‘भाजीत मीठ बरोबर झालं का?’, ‘हे बघ, काय व्हिडिओ आलाय’ असं काहीबाही आपण जोडीदाराशी दिवसभर बोलत असतो. तुमच्या घरी अशी हाक कशी येते, उत्तर काय मिळतं? रोजचं लिहा, मोठी भांडणं नकोत.

उदगीरची सून: आमच्या ह्यांची आडत आहे. सासूबाई ओसरीवर असल्या की हे माझ्याशी फारसं बोलत नाहीत. रात्री स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणतात, “आज मोंढ्यात लई गर्दी होती.” मी भाकरी थापता थापता विचारते, “कुणाचा माल आला होता?” की मग उंबऱ्यावरच बसकण. हिशेब, हमालांची कुरबुर, सगळं निघतं. मी नुसतं “हं” केलं की पाणी पिऊन जातात, दुसऱ्यांदा सांगत नाहीत.

समुपदेशक, संभाजीनगर: खरी मेख त्या “दुसऱ्यांदा सांगत नाहीत”मध्ये आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी सिएटलला नवविवाहित जोडप्यांना एका फ्लॅटमध्ये ठेवून त्यांचं वागणं टिपलं. 6 वर्षांनी पाहिलं, तर ज्यांचा संसार टिकला होता त्यांनी अशा हाकांना सुमारे 86 टक्के वेळा प्रतिसाद दिला होता. मोडलेल्यांनी 33 टक्के. अर्थात प्रतिसादामुळे संसार टिकला, की मुळात बरं चाललं होतं म्हणून प्रतिसाद मिळत गेला, हे एवढ्यावरून ठरत नाही. शिवाय तिथं ओसरीवर सासू नव्हती!

ट्रॅक्टरवाला, परभणी: थोडक्यात, बायको म्हणेल त्याला हो म्हणायचं. मी तेच करतो, तरी ती चिडतेच.

समुपदेशक, संभाजीनगर: हो म्हणायची गरजच नाही. “आत्ता पेरणी चालू आहे, जेवताना सांग” हेही उत्तरच. फक्त जेवताना “दुपारी काय म्हणत होतीस?” हे तुम्ही विचारायचं, तिनं पुन्हा सुरुवात करायची वाट बघायची नाही. तोंडानं हो आणि डोळे मोबाईलवर, हे तिला बरोबर कळतं. आणि “सदा न् कदा मोबाईल!” ही तक्रार वाटली तरी बहुतेकदा हाकच असते. ती तक्रारही बंद झाली, तर मात्र जपा.

बीडचे काका: आम्ही दर वाढदिवसाला हिला साडी घेतो. अजून काय पाहिजे?

उदगीरची सून: काका, रंग काकूंना विचारून घेता का?

बीडचे काका: नाही बुवा. दुकानदार देतो ती.

नांदेड-पुणे: माझी अडचण निराळी. नवरा पुण्यात कंपनीत. मी दुपारी विचारते, “जेवलात का?” तर नुसता अंगठा येतो. मॅडम, हे उत्तर धरायचं का?

समुपदेशक, संभाजीनगर: शिफ्टमध्ये असतील तर धरा. रात्री फोनवर ते आपणहून काही विचारतात का?

नांदेड-पुणे: पोराचं विचारतात.