अनेक अभ्यासांची बेरीज चुकते कशी?

गिरगावकर: एखादा अभ्यास चुकेल, पण डझनभर अभ्यासांची बेरीज कशी चुकेल? नैराश्यावरच्या गोळ्यांचं मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणजे अशी बेरीजच. ती समोर असताना शंका काढणं हा निव्वळ हट्ट आहे.

अदिती, परळ: बेरीज होते ती छापून आलेल्यांची. टर्नर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अमेरिकेत औषधांना परवाना देणाऱ्या एफडीएची कागदपत्रं तपासली. परवान्यासाठीच्या चाचण्या तिथे आधीच नोंदवलेल्या असतात, म्हणून हरलेल्याही सापडतात. १२ औषधांच्या ७४ चाचण्या होत्या. एफडीएच्या मते ३८ यशस्वी, त्यातली एक सोडून सगळ्या छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत, ११ यशस्वी वाटाव्यात अशा लिहिल्या आणि ३ जशाच्या तशा आल्या. जर्नल वाचणाऱ्याला ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसतात, एफडीएच्या दफ्तरात ५१. त्यात अभ्यास वाढले की कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे अंदाजाच्या अनिश्चिततेचा पट्टा, अरुंद होतो, त्यामुळे फुगलेला आकडा जास्तच खात्रीचा वाटतो.

ठाणेकर७२: म्हणजे गोळ्या थोतांडच! मी केव्हापासून सांगतोय.

अदिती, परळ: नाही. प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी; तिच्याशी काहीच फरक नसेल तर परिणामाचा आकडा शून्य येतो. न छापलेल्या चाचण्या धरल्यावर तो ०.४१ वरून ०.३१ वर आला, शून्यावर नाही. बाराही औषधं प्लासिबोपेक्षा सरसच ठरली. अर्धं वाचून लोकांना घाबरवू नका.

सुलभा जोशी: माझ्या आईला याच गोळ्यांनी फरक पडला. ती जेवायला लागली, बोलायला लागली. आता बंद करायच्या का?

अदिती, परळ: मुळीच नाही, ताई. हे सरासरीचं बोलणं आहे. त्यांचं त्यांच्या डॉक्टरांशीच बोला.

गिरगावकर: प्रत्येक अभ्यासाचा परिणाम आणि आकार एका आलेखावर मांडणारा फनेल प्लॉट काढला, की तो एका बाजूला कलतो आणि लपवाछपवी उघडी पडते. तज्ज्ञ काय झोपलेत?

अदिती, परळ: दहापेक्षा कमी अभ्यास असतील तर त्या प्लॉटवर विसंबता येत नाही. आणि प्लॉट एका बाजूला कलला म्हणजे लपवलंच असं नाही. छोट्या चाचण्यांत जास्त आजारी रुग्ण घेतले तरी तो कलतो.

रेसिडेंट_शीव: सगळे कंपन्यांवर घसरताय. माझ्या एमडीच्या थिसिसमध्ये दोन गटांत फरक निघाला नाही. गाईड म्हणाले, हे कोण छापणार, केस रिपोर्ट लिही. यात कुठली कंपनी होती?

ठाणेकर७२: तुमचा नमुनाच छोटा असेल.

रेसिडेंट_शीव: तेवढ्याच नमुन्यात फरक दिसला असता तर विभागाने पेपर मिरवला असता! तेव्हा कुणी नमुना मोजला नसता.

गिरगावकर: सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे ना? मग लपतं कसं?

अदिती, परळ: नोंदणीमुळे चाचणी झाली हे कळतं, निकाल कळेलच असं नाही. पण मुख्य निकष आधी काय लिहिला होता आणि पेपरात कुठला आला, हे ताडून पाहता येतं. मेटा-अ‍ॅनालिसिस वाचताना मी आधी तेच बघते.

गिरगावकर: ठीक, न छापलेले शोधले की नाही हे विचारायला हवं, एवढं मान्य. तरी एकट्या अभ्यासापेक्षा बेरीज बरी, यावर मी ठाम आहे.

रेसिडेंट_शीव: माझे आकडे कुणी बेरजेत घेणार असेल तर फाइल तयार आहे. गाईडची सही तेवढी मिळत नाही.