प्रतिसाद: टाटा नॅनोच्या केसमधलं स्वॉट

«नॅनोचं स्वॉट नीट भरलंय, तरी सर म्हणतात शिफारशी जुळत नाहीत. कुठे चुकलं?»

आधी स्वॉटमधल्या, म्हणजे बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके यांच्या यादीतल्या प्रत्येक मुद्द्यात नॅनोच्या जागी मारुतीची ऑल्टो घालून वाचा. ‘मजबूत ब्रँड’, ‘वाढता मध्यमवर्ग’, ‘तीव्र स्पर्धा’ हे तिथेही तसंच खरं ठरतं, म्हणजे ते नॅनोबद्दल काहीच सांगत नाही. त्याऐवजी केसमधलं लिहा: साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची, पण 2011-12 या सर्वोत्तम वर्षातही विक्री पाऊण लाखाच्या आसपास. सुरुवातीच्या मॉडेलला मागून उघडणारी डिकी नाही. आणि ‘सर्वांत स्वस्त गाडी’ हा शिक्का.

आता ‘जाहिरात वाढवा’ ही तुमची शिफारस घ्या. ती कुठल्या मुद्द्यातून आली? गाडी तर 2008 पासून सगळ्या देशाला माहीत होती. अडचण होती ती शिक्क्याची. स्वस्तपणाचीच जाहिरात वाढवली तर तो आणखी घट्ट होईल. डिकी, पॉवर स्टीअरिंग देऊन पहिली शहरी गाडी म्हणून विकणं ही शिफारस मात्र वरच्या उणिवांतून थेट निघते. फक्त त्याने किंमत किती वाढेल आणि मग ऑल्टोशी फरक किती उरेल, तेही तिथेच मांडा. प्रत्येक शिफारशीसमोर मुद्द्याचा क्रमांक लिहा. ज्या शिफारशीला तो सापडत नाही ती काढून टाका.